जीडीनंतरचं चार ओळींचं पत्र

अभियांत्रिकी महाविद्यालयात प्लेसमेंटच्या दिवशी जीडी, म्हणजे गटचर्चा, साधारण पंधरा-वीस मिनिटांत उरकते. आठ-दहा मुलं अर्धवर्तुळात, समोर दोन-तीन परीक्षक. परीक्षकांसमोरच्या कागदावर मुलांची नावं क्वचितच असतात. असतात ते क्रमांक. क्रमांकापुढे गुण आणि जागा उरली तर एखाद-दुसरा शब्द. चर्चा संपून पुढचा गट आत येतो तेव्हा आधीच्या गटाचे गुण बहुतेक पडून गेलेले असतात.

त्यामुळे चर्चेनंतर नवख्या उमेदवाराने परीक्षकांना पाठवलेल्या ईमेलने निकाल फिरेल, ही आशा फोल असते. ‘बाकीचे ओरडत होते, मला बोलायला मिळालं नाही’ हे परीक्षकांनी स्वतःच पाहिलेलं असतं. चर्चेत राहून गेलेले मुद्दे तीन परिच्छेदांत लिहून पाठवणारेही असतात. ते मुद्दे उत्तम असले तरी धरता येत नाहीत, कारण गटातल्या इतरांना ती सवलत मिळालेली नसते. आणि वरिष्ठांकडून आलेला आभाराचा तयार मसुदा एकाच संध्याकाळी चाळीस जणांनी पाठवला, की तो कोणी वाचत नाही.

एका ठिकाणी मात्र ईमेलचा खरा उपयोग होतो, तो म्हणजे नोंदीतली चूक दुरुस्त करताना.

समजा, पुण्यातल्या एका महाविद्यालयात विषय आहे ‘डिजिटल पेमेंट आणि छोटे दुकानदार’. संगणक शाखेच्या एका मुलीला आठवा क्रमांक मिळाला आहे, पण घाईत ती सातव्या खुर्चीवर बसली आणि सातवा मुलगा आठव्या. परीक्षकांनी खुर्च्यांच्या क्रमाने नोंदी केल्या. ती नेटकं बोलली. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, द्यावं लागत नाही हा मुद्दा तिने मांडला. तिचा शेजारी जवळजवळ गप्प होता. अदलाबदल तिच्या लक्षात आली ती बाहेर पडल्यावर.

आता तिने काय करावं? यादी त्याच दुपारी लागणार असेल तर आधी प्लेसमेंट विभागाच्या विद्यार्थी समन्वयकाला गाठावं. दिवसभर मुलाखती घेणारे परीक्षक मध्येच ईमेल उघडतीलच असं नाही. पण तोंडी निरोप वाटेत बदलतो, म्हणून पाठोपाठ लेखी हवं. अनेक महाविद्यालयांत कंपनीशी थेट पत्रव्यवहाराला मनाई असते. तिथे पत्राचा मायना परीक्षकांना असला तरी ते जातं प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे, पुढे पाठवण्याच्या विनंतीसह. परीक्षकांनी स्वतः पत्ता दिला असेल तर थेट लिहावं आणि अधिकाऱ्यांना प्रत ठेवावी.

विषयाच्या ओळीतच काम अर्धं झालं पाहिजे: ‘जीडी गट ४, उमेदवार क्र. ८: आसनक्रमांकात दुरुस्ती’. नुसतं ‘जीडीबाबत’ लिहिलं तर ते आभाराच्या पत्रांत बुडतं. हे पत्र बहुधा इंग्रजीत जातं. त्याचा मजकूर मराठीत असा होईल:

‘आज सकाळच्या गट ४ मध्ये माझा क्रमांक ८ होता, चुकून मी ७ क्रमांकाच्या खुर्चीवर बसले. यूपीआयवरील शून्य एमडीआरचा मुद्दा मी मांडला होता. यूपीआय नोटाबंदीनंतर आलं, असं मी त्या वेळी म्हणाले, ते चूक होतं. ते एप्रिल २०१६ मध्येच सुरू झालं होतं. क्रमांक ७ आणि ८ च्या नोंदी कृपया पडताळून पाहाव्यात.’

खाली पूर्ण नाव, शाखा, पीआरएन आणि फोन नंबर. बायोडेटा पुन्हा जोडायची गरज नाही.

यातलं दुसरं वाक्य सगळ्यांत कामाचं. परीक्षकाच्या कागदावर सातपुढे ‘एमडीआर’ असं खरडलेलं असेल तर पत्र लिहिणारी तीच, हे क्षणात पटतं. नुसतं ‘मी चांगलं बोलले होते’ म्हटलं असतं तर पडताळायला काहीच नव्हतं. तिसरं वाक्यही त्याच कामाचं, कारण कागदावर तारखेच्या चुकीची नोंद असू शकते. एरवी एवढ्या चुकीसाठी वेगळं पत्र लिहायचं कारण नाही.

आणि पत्रात शेजाऱ्याचं नाव नाही, तो गप्प होता असंही नाही, हे बरं झालं. नोंदी बदलल्या तर त्याची निवड हुकू शकते. तो निर्णय परीक्षकांनी कागद पाहून घ्यायचा आहे.

उत्तर बहुधा येत नाही, आलं तर ‘नोंद घेतली’ एवढंच. यादी लागल्यावर त्यात सात असेल आणि आठ नसेल, तर पुन्हा परीक्षकांना लिहू नये. पाठवलेलं पत्र घेऊन प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे जावं. मुलाखतीची फेरी सुरू होण्याआधी कंपनीच्या माणसाला फोन करून मूळ कागद पाहायला सांगणं त्यांच्या हातात असतं. फेरी सुरू झाल्यावर ते फार अवघड होऊन बसतं.