आठ नंबरचा शेवटचा जोड

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतलं एखादं छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. मालक गल्ल्यावर, एक पोरगा फळीवर, आणि जोडीला स्वतःची वेबसाइट. संध्याकाळच्या गर्दीत आठ नंबरचा शेवटचा कापशी जोड रोखीने विकला जातो आणि बिल रात्री निवांत करू म्हणून राहून जातं. तेवढ्यात नागपूरहून त्याच जोडाची ऑर्डर येते, पैसेही जमा होतात. वेबसाइटच्या लेखी जोड अजून फळीवरच असतो.

यावर उपाय एकच: पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी बिल, आणि तेही प्रत्येक डिझाइनच्या प्रत्येक नंबरच्या वेगळ्या बारकोडवर. गल्ला आणि वेबसाइट एकाच साठ्यातून वजा करत असतील तर उत्तम. दोन्ही जोडलेले नसतील, तर शेवटचे एकदोन जोड वेबसाइटवर दाखवूच नयेत. थोडी विक्री हुकते, पण पैसे परत करण्याची नामुष्की टळते.

सगळ्यात फसवी चूक मात्र बदलीची. गिऱ्हाईक आठ नंबर परत देऊन नऊ घेतं, किंमत तीच, म्हणून नोंद कुणी करत नाही. एकूण जोड मोजले तर बेरीज तंतोतंत जुळते! प्रत्यक्षात आठ एकने वाढलेला असतो, नऊ एकने घटलेला. म्हणून बदलीचंही बिल हवं, आणि मोजणीही नंबरवार हवी.

मोजणीतही एक खड्डा आहे. शॉपिफायसारख्या प्रणालीत एकाच मालाचे वेगवेगळे आकडे दिसतात: On hand म्हणजे दुकानात असलेला माल, Committed म्हणजे ऑर्डर आलेला पण अजून न पाठवलेला, आणि Available म्हणजे विकायला मोकळा. समजा सात जोड आहेत आणि त्यातल्या दोघांची ऑर्डर आली आहे. मोकळे उरले पाच. ते दोन जोड पॅक होऊन गल्ल्याखाली ठेवलेत. पोरगा फक्त फळी मोजतो आणि On hand पाच करून टाकतो. प्रणाली त्यातून पुन्हा दोन वजा करते आणि वेबसाइटवर तीनच उरतात. उलट सातही जोड मोजून तो आकडा Available मध्ये भरला, तर ज्यांना आधीच धनी मिळालाय असे दोन जोड पुन्हा विक्रीला लागतात. दोन्ही वेळा मोजणी बरोबर असते. चुकते ती रकाना.

त्यामुळे आधी न पाठवलेल्या ऑर्डरींची यादी काढायची, पॅक झालेले जोडही मोजणीत धरायचे आणि एकूण आकडा On hand मध्येच लिहायचा. सगळं दुकान वर्षातून एकदा मोजण्यापेक्षा रोज सकाळी एकच डिझाइन मोजलेलं बरं. फरक निघाला, तर त्या डिझाइनच्या मागच्या मोजणीपासूनचीच बिलं, बदल्या आणि परत आलेली पार्सलं तपासावी लागतात. पार्सल परत आलं तरी ते उघडून, दोन्ही पायांचा नंबर आणि तळ पाहिल्याशिवाय तो जोड साठ्यात घेऊ नये.