रिकार्डोचे चार आकडे

शेअरबाजारात भरपूर पैसा कमावून व्यवहारातून जवळपास बाजूला झालेल्या डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली लंडनमध्ये अर्थशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या परदेशी व्यापाराच्या प्रकरणात अवघे चार आकडे येतात. इंग्लंडला कापडाची एक ठरावीक खेप तयार करायला वर्षभर १०० माणसे लागतात आणि वाइनच्या एका खेपेला १२०. पोर्तुगालला तेवढेच कापड ९० माणसांत आणि तेवढीच वाइन ८० माणसांत होते. हे आकडे कुठल्या गिरणीच्या किंवा द्राक्षमळ्याच्या वहीतले नव्हते, रिकार्डोने ते उदाहरणादाखल घेतले होते. तरीही दोनशे वर्षे जगभरचे विद्यार्थी तेच घोटत आले आहेत.

आकड्यांमध्ये त्याने मुद्दाम एक खोच ठेवली होती. इंग्लंड हा त्या काळचा कापडाचा बादशहा, पण रिकार्डोच्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्ही वस्तूंत सरस आहे. मग पोर्तुगालने इंग्लंडकडून कापड घ्यावे तरी कशाला? ॲडम स्मिथने १७७६ मध्ये सांगितले होते की, जी वस्तू बाहेर स्वस्त मिळते ती घरी करत बसू नये. पण इंग्लंडमध्ये श्रमाच्या हिशेबाने काहीच स्वस्त नसेल, तर स्मिथचे उत्तर अपुरे पडते.

वाट सापडते ती प्रश्न बदलल्यावर. कोण कमी माणसांत काम उरकतो, हे विचारायचे नाही. कापडाची आणखी एक खेप हवी असेल तर त्या देशाला किती वाइनवर पाणी सोडावे लागेल, हे विचारायचे. या सोडून द्याव्या लागणाऱ्या वाइनला कापडाचा संधी खर्च म्हणतात. इंग्लंडमध्ये कापडाच्या खेपेसाठी १०० माणसे वाइनच्या कामावरून काढावी लागतात. १२० माणसे वाइनची एक खेप करतात, म्हणजे या १०० जणांनी ०.८३ खेप केली असती. पोर्तुगालमध्ये ९० माणसे हलवावी लागतात. तिथे वाइनची खेप ८० माणसांतच होते, म्हणून त्या ९० जणांच्या हातची १.१३ खेप वाइन जाते.

| देश | कापडाच्या एका खेपेसाठी सोडावी लागणारी वाइन | वाइनच्या एका खेपेसाठी सोडावे लागणारे कापड |
|---|---|---|
| इंग्लंड | ०.८३ | १.२० |
| पोर्तुगाल | १.१३ | ०.८९ |

आता पहिला स्तंभ वरून खाली वाचा. दोन्ही कामांत मागे असलेल्या इंग्लंडला कापड कमी त्यागात मिळते. दुसरा स्तंभ सांगतो की वाइन पोर्तुगालला स्वस्त पडते. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात. एक देश दोन्ही वस्तूंत कितीही कुशल असला, तरी दोन्हींचा संधी खर्च त्याचाच कमी असू शकत नाही, कारण प्रत्येक ओळीतला दुसरा आकडा हा पहिल्याचा व्यस्त असतो. पहिला लहान झाला की दुसरा आपोआप मोठा होतो.

परीक्षेत आणि कधीकधी वृत्तपत्री लेखांतही चूक होते ती याच जागी. मूळ तक्त्यात एका खेपेला लागणारी माणसे दिली असतील, तर कापडाच्या माणसांना वाइनच्या माणसांनी भागायचे. पण तक्त्यात एक माणूस वर्षात किती माल काढतो हे दिले असेल, तर भागाकार उलटा होतो आणि वाइनच्या उत्पादनाला कापडाच्या उत्पादनाने भागावे लागते. तक्ता कुठला हे न बघता भागले, की इंग्लंडच्या गळ्यात वाइन पडते. उत्तर शब्दांत मांडून पाहिले तर चूक पकडता येते. ‘इंग्लंडमध्ये वाइनला जास्त माणसे लागतात, म्हणून एका खेप कापडासाठी एका खेपेहून कमी वाइन सोडावी लागते,’ हे वाक्य पटले पाहिजे.

फायदा किती होतो, हे पाहण्यासाठी माणसांची संख्या ठरवून घेऊ. इंग्लंडकडे ८,८०० आणि पोर्तुगालकडे ६,८०० कामकरी आहेत असे धरू. व्यापार नसताना दोघेही दोन्ही वस्तू ४०-४० खेपा करतात. इंग्लंडची ४,००० माणसे कापडात आणि ४,८०० वाइनमध्ये आहेत, तर पोर्तुगालची ३,६०० कापडात आणि ३,२०० वाइनमध्ये. दोन्ही देशांचे मिळून कापड ८० खेपा आणि वाइन ८० खेपा. आता इंग्लंडने सगळी माणसे कापडावर लावली तर ८८ खेपा निघतात. पोर्तुगालने सगळी वाइनवर लावली तर ८५. माणूस एकही वाढला नाही, यंत्रही नवे आले नाही, तरी कापड आठ खेपांनी आणि वाइन पाच खेपांनी वाढली. खेपेला खेप या दराने ४० खेपांची अदलाबदल केली, की इंग्लंडकडे ४८ कापड आणि ४० वाइन राहते, पोर्तुगालकडे ४० कापड आणि ४५ वाइन. दोघांचेही पूर्वीपेक्षा बरे झाले.

खेपेला खेप हा दर मी सोयीसाठी घेतला. खरा दर कुठे बसेल, हे तक्ता सांगत नाही, तो फक्त दोन कुंपणे दाखवतो. एका खेप कापडाला ०.८३ पेक्षा कमी वाइन मिळू लागली तर इंग्लंड स्वतःच द्राक्षे लावील. १.१३ पेक्षा जास्त मागितली तर पोर्तुगाल स्वतःचे माग चालवील. या दोन कुंपणांच्या मध्ये दर जितका एकीकडे सरकेल, तितका फायदा दुसऱ्या बाजूच्या पदरात पडतो. तो कुठे स्थिरावेल हे मागणीवर आणि देशांच्या आकारावर ठरते. जॉन स्टुअर्ट मिलने पुढे याच प्रश्नावर बरेच काम केले.

एक शंका मात्र उरतेच. व्यापारी काही संधी खर्चाचे तक्ते घेऊन बसत नाही, त्याला पैशातली किंमत दिसते. इंग्लंड आणि पोर्तुगाल दोन्हीकडे वर्षाची मजुरी माणशी १० पौंड असेल, तर इंग्लिश कापड १,००० आणि वाइन १,२०० पौंडांना पडते, पोर्तुगीज कापड ९०० आणि वाइन ८०० ला. मग सगळे पोर्तुगालकडूनच घेणार. घेतात, पण फार काळ नाही. इंग्लंडचे सोने पोर्तुगालकडे वाहू लागते आणि तिथली मजुरी व किमती चढतात. समजा मजुरी १२ पौंडांवर गेली. आता पोर्तुगीज कापड १,०८० ला पडते आणि १,००० चे इंग्लिश कापड स्वस्त ठरते. वाइन ९६० ला, म्हणजे अजूनही पोर्तुगालचीच स्वस्त. इंग्लंडमध्ये १० पौंड मजुरी असताना पोर्तुगालची साधारण ११.१ ते १५ च्या दरम्यान राहिली, तर व्यापार दोन्ही बाजूंनी चालतो. कुशल देशातली मजुरी जास्त आणि मागासलेल्या देशातली कमी असणे, हे या हिशेबाचे फलित आहे. म्हणून ‘त्यांची मजुरी स्वस्त, आपण कशातच टिकणार नाही’ हे रडगाणे अर्थशास्त्रज्ञांना फारसे पटत नाही.

प्रत्यक्षातल्या पोर्तुगालची गोष्ट इतकी सरळ नव्हती. १७०३ च्या मेथ्युएन कराराने इंग्लिश लोकरी कापडाला पोर्तुगालची दारे उघडली आणि पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली. या व्यापारात पोर्तुगालला येणारी तूट बरीचशी ब्राझीलच्या सोन्याने भरून निघे. रिकार्डोला स्वतःच्या उदाहरणाची मेखही ठाऊक होती. भांडवल आणि माणसे सहज देश ओलांडू लागली, तर इंग्लिश भांडवलदार कापड आणि वाइन दोन्ही पोर्तुगालमध्येच करतील, हे त्यानेच लिहून ठेवले. माणसाला आपला मुलूख सोडवत नाही, या गृहीतकावर त्याचे आकडे उभे आहेत.

हे सगळे कागदावरचे झाले. खऱ्या देशात तपासायचे तर व्यापार बंद असतानाच्या किमती हाती लागाव्या लागतात आणि तशा त्या सहसा लागत नाहीत. अपवाद जपानचा. दोन शतकांहून अधिक काळ जपानचा पाश्चात्त्यांशी व्यापार नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या मोजक्या डचांपुरता होता. १८५३ मध्ये अमेरिकेचा पेरी आरमार घेऊन आला, १८५८ मध्ये करार झाले आणि १८५९ च्या जुलैत योकोहामा बंदर खुले झाले. डॅनियल बर्नहोफेन आणि जॉन ब्राउन या अर्थशास्त्रज्ञांनी बंदर उघडण्याआधीच्या किमती जमवून पाहिले. जी वस्तू जपानमध्ये आधी तुलनेने स्वस्त होती ती बाहेर जाऊ लागली का, हा त्यांचा प्रश्न. कच्चे रेशीम आणि चहा निर्यात होऊ लागले, त्यांचे भाव चढले. सूत-कापड आत आले. १८६८ ते १८७५ या काळात जुन्या भावांनी मोजले तर आयातीचे मोल दरवर्षी निर्यातीपेक्षा जास्त भरले, म्हणजे रिकार्डोचे तत्त्व टिकले. व्यापारामुळे झालेला फायदा मात्र त्यांच्या अंदाजाने फार तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्के होता. तो कमी नाही, पण व्यापार उघडला की देशाचे नशीब पालटते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शिवाय ही सरासरी आहे. रेशीम परदेशी जाऊ लागताच देशातल्या विणकरांना कच्चा माल महाग झाला. १८६० मध्ये शोगुनच्या सरकारला रेशमासह पाच वस्तू आधी एडो शहरात आणण्याचा हुकूम काढावा लागला. हाताने सूत कातणाऱ्यांवर परदेशी सुताने संक्रांत आणली. आपल्या तक्त्यात ४,८०० इंग्लिश वाइनवाले एका ओळीत कापडात गेले. माणसे तशी जात नाहीत. त्यांना नवा धंदा शिकावा लागतो, गाव सोडावे लागते आणि मधली वर्षे कोणीतरी सोसावी लागतात.

त्या परदेशी सुतात मुंबईच्या गिरण्यांचाही वाटा होता. १८८० च्या दशकात मुंबईचे सूत जपानला जात होते. मग ओसाका आणि आसपासच्या गिरण्यांनी रात्रपाळीसुद्धा लावून उत्पादन वाढवले. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने एका जपानी कंपनीची मुंबई-जपान जहाजे सुरू झाली. त्यांतून जाऊ लागला तो हिंदुस्थानी कापूस. जपानने सुतावरची निर्यात जकात १८९४ मध्ये आणि कापसावरची आयात जकात १८९६ मध्ये काढून टाकली. करारांमुळे सुतावर जबर आयातकर बसवणे जपानला शक्यच नव्हते, तो हक्क त्याला १९११ मध्ये परत मिळाला. तरीही काही वर्षांतच जपानी सूत चिनी बाजारात मुंबईच्या सुताशी टक्कर देऊ लागले. संधी खर्चाचा तक्ता एका वेळचे चित्र दाखवतो. कालचा गिऱ्हाईक उद्याचा प्रतिस्पर्धी होऊ शकतो, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. मुंबईच्या गिरणीमालकांना ते चीनच्या बाजारपेठेत कळले.