व्हेस्पा भारतात चार वेळा आली

आंतरराष्ट्रीय विपणनाच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: परदेशी बाजारपेठेत प्रवेश करण्याच्या मार्गांची तुलना करा. उत्तरात विद्यार्थी निर्यात, परवाना, संयुक्त उपक्रम आणि पूर्ण मालकीची उपकंपनी अशा चार रकान्यांचा तक्ता काढतात आणि फायदे-तोटे भरतात. त्या तक्त्यातून एक गोष्ट निसटते. कंपनी या चारांतून एक मार्ग निवडून कायमची त्यावर राहते असे क्वचितच घडते. इटलीच्या पियाज्जो कंपनीने एकाच देशात हे चारही मार्ग वापरले, आणि तो देश भारत आहे. त्यातले दोन मोठे टप्पे तर पुणे जिल्ह्यातच घडले, एक आकुर्डीला आणि दुसरा बारामतीला.

१९४६ साली पियाज्जोने व्हेस्पा स्कूटर बाजारात आणली. भारतात ती आधी तयार मालाच्या रूपात आली. आजच्या बजाज ऑटोची पूर्वज असलेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८पासून परदेशातून आलेल्या दुचाकी आणि तीनचाकी विकत होती. पियाज्जोच्या बाजूने पाहिले तर ही निर्यात. परक्या देशात पैसा गुंतत नाही, माल खपला नाही तर पुढची बोट थांबवायची एवढेच. पण स्वतंत्र भारताला परकीय चलन जपायचे होते आणि कारखाने इथेच उभे करायचे होते. आयातीवर बंधने वाढत गेली, तसा हा मार्ग आखडत गेला.

पुढचा मार्ग परवान्याचा. सरकारकडून उत्पादनाची परवानगी मिळाल्यावर बजाजने पियाज्जोशी करार केला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बजाजच्या व्हेस्पा इथे तयार होऊ लागल्या. आराखडे, तंत्र आणि नाव पियाज्जोचे. कारखाना, कामगार आणि जोखीम बजाजची. अशा करारात तंत्र देणाऱ्याला विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी रॉयल्टी मिळते.

ही रॉयल्टी नफ्याच्या तुलनेत किती मोलाची, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. वर्षाला एक लाख स्कूटर, प्रत्येकी ५०,००० रुपये, म्हणजे विक्री ५०० कोटी. रॉयल्टी चार टक्के धरली तर तंत्र देणाऱ्याला घरबसल्या २० कोटी मिळतात. आता तोच कारखाना त्याच्या पूर्ण मालकीचा समजा. कच्चा माल, सुटे भाग वगैरे जाऊन प्रत्येक स्कूटरमागे १०,००० रुपये उरतात, म्हणजे १०० कोटी. कारखान्याचा वर्षाचा स्थिर खर्च ६० कोटी असेल, तर नफा ४० कोटी. रॉयल्टीच्या दुप्पट. पण मंदीत खप निम्मा झाला की परवाना देणाऱ्याला १० कोटी मिळतच राहतात आणि मालकाला १० कोटींचा तोटा होतो, कारण स्थिर खर्च निम्मा होत नाही. निम्म्या वाट्याच्या संयुक्त उपक्रमात चांगल्या वर्षी २० कोटी हाती येतात आणि वाईट वर्षी तोटा पाच कोटींवर थांबतो. जोखीम आणि कमाई एकमेकींना कशा बांधलेल्या असतात, ते या चार-पाच आकड्यांत दिसते.

परवान्याचा खरा धोका मात्र या हिशेबात येत नाही. तो करार संपतो त्या दिवशी कळतो. पियाज्जो-बजाज करार १९७१मध्ये संपला. परदेशी तंत्रज्ञानाच्या करारांना मुदतवाढ द्यायला त्या काळचे सरकारी धोरण अनुकूल नव्हते. पियाज्जोला व्हेस्पा हे नाव परत मिळाले, पण दहा वर्षे स्कूटर बनवून बजाजच्या अभियंत्यांच्या आणि कारागिरांच्या हातात मुरलेले ज्ञान परत घेण्याची सोय कोणत्याच करारात नसते. १९७२मध्ये बजाजने चेतक आणली. तिचे रूप व्हेस्पाच्याच घराण्यातले होते. लोकांनी ती वर्षानुवर्षे रांगेत थांबून घेतली. बजाज स्वतःच्या स्कूटर परदेशात विकू लागली, तेव्हा १९८०च्या दशकात पियाज्जोने तिला परदेशी न्यायालयांत खेचले. परवाना घेणाराच उद्याचा स्पर्धक होऊ शकतो, असे पाठ्यपुस्तक एका ओळीत सांगते. त्या ओळीमागची ही घटना आहे.

पियाज्जो भारतात परतली ती कानपूरच्या एलएमएल कंपनीचा हात धरून. १९८०च्या दशकात तांत्रिक सहकार्याने सुरुवात झाली. पुढे पियाज्जोने भांडवलातही वाटा घेतला आणि एलएमएल व्हेस्पा रस्त्यावर दिसू लागली. संयुक्त उपक्रमाचे आकर्षण उघड आहे. स्थानिक भागीदाराला सरकारी दारे, विक्रेते आणि गिऱ्हाईक माहीत असते, आणि ज्या देशात परदेशी मालकीवर मर्यादा असते तिथे दुसरा पर्यायही फारसा नसतो. इथे दोन्ही भागीदारांचा वाटा जवळपास सारखा होता. माझ्या मते समसमान वाटा हीच संयुक्त उपक्रमाची सर्वांत नाजूक रचना. पैसा किती घालायचा, कोणती गाडी आणायची, कारभार कोणाच्या हाती असावा यावर मतभेद झाले की निर्णय देणारा कोणी उरत नाही. १९९९मध्ये दोघे वेगळे झाले. पियाज्जो बाहेर पडली आणि एलएमएल त्याच पठडीतल्या स्कूटर बनवत राहिली. पुढे तर त्या युरोप-अमेरिकेत, व्हेस्पाच्या घरच्या बाजारात विकल्या गेल्या. बजाजचीच पुनरावृत्ती झाली.

त्याच सुमारास पियाज्जोने बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत ग्रीव्हज कंपनीबरोबर दुसरा संयुक्त उपक्रम उभारला. माल वाहणारी आपे ही तीनचाकी तिथे तयार होऊ लागली. या वेळी पियाज्जोने काही वर्षांतच भागीदाराचा वाटा विकत घेतला आणि कंपनी पूर्ण आपल्या मालकीची केली. १९९१नंतर धोरण सैल झाल्यामुळे हे शक्य झाले. तरीही ते एकदम सैल झाले नव्हते. १९९८च्या सरकारी प्रेस नोट १८नुसार, भारतात आधीच भागीदारी असलेल्या परदेशी कंपनीला त्याच क्षेत्रात वेगळा उद्योग काढण्यासाठी सरकारी मंजुरी लागे, आणि जुन्या भागीदाराच्या हिताला धक्का बसणार नाही हे दाखवावे लागे. ही अट २००५मध्ये शिथिल झाली आणि २०११मध्ये पूर्ण गेली. प्रवेशाचा मार्ग कंपनीच्या इच्छेइतकाच यजमान देशाच्या कायद्यावर अवलंबून असतो, म्हणून उत्तरात सालाचा उल्लेख हवाच.

२०१२मध्ये बारामतीतूनच व्हेस्पा पुन्हा आली, या वेळी पूर्णपणे पियाज्जोची म्हणून. तंत्र बाहेर जाण्याची भीती नव्हती, नफ्यात वाटेकरी नव्हता, कोणाची संमती लागत नव्हती. पण गिऱ्हाईक बदललेले होते. होंडाच्या अ‍ॅक्टिव्हाने घराघरांत जागा धरली होती, आणि व्हेस्पा तिच्यापेक्षा बरीच महाग होती. विक्रेत्यांचे जाळे, जाहिरात, यंत्रसामग्री या सगळ्याचा भार एकट्या पियाज्जोवर. व्हेस्पा हौशी लोकांची गाडी झाली, सामान्य कुटुंबाची झाली नाही. पूर्ण मालकीमुळे निर्णय आपल्या हाती येतात, पण बाजार हाती येईल याची हमी त्यात नसते. आपेचे मात्र तसे झाले नाही. मालवाहू तीनचाकीची देशात गरज होती आणि ती गाडी त्या गरजेला नेमकी बसली.

परीक्षेला बसणाऱ्यांनी तक्ता जरूर काढावा, पण त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. त्या साली त्या देशाचा कायदा किती मालकी देतो? तंत्र असे आहे का, की एकदा शिकवले की परत घेता येत नाही? आणि एक वाईट वर्ष सोसायला कंपनीकडे किती पैसा आहे? तंत्र सहज शिकता येणारे असेल आणि कायदा परवानगी देत असेल, तर मी पूर्ण मालकीच्या बाजूने लिहीन. कायदा अडवत असेल तर संयुक्त उपक्रम, पण निम्मा-निम्मा नव्हे, आणि वेगळे होण्याच्या अटी पहिल्याच करारात लिहिलेल्या.