व्याजाची तारीख आणि बिलाची तारीख

निवृत्तीनंतर बचतीतून दरमहा पैसे काढताना बहुतेकांचे लक्ष व्याजदरावर असते. पैसे नेमके कोणत्या तारखेला हाती पडतात, याची चौकशी फारशी होत नाही. पोस्टाच्या दोन योजनांत मात्र हा तारखेचाच फरक मोठा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज तिमाहीने मिळते आणि ते एप्रिल, जुलै, ऑक्टोबर व जानेवारीच्या सुरुवातीलाच येते. खाते कोणत्या दिवशी उघडले याने त्यात बदल होत नाही. मासिक उत्पन्न योजनेचे, म्हणजे एमआयएसचे, व्याज मात्र खाते उघडल्याच्या तारखेपासून महिना पूर्ण झाला की मिळते. एक तारीख सरकारने ठरवलेली, दुसरी खातेदाराच्या हातातली.

समजा, निवृत्तिवेतन नसलेल्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांकडे 24 लाख रुपये आहेत. त्यांपैकी 12 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, तर 2025-26 मधील 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 24,600 रुपये येतात, म्हणजे महिन्याला 8,200. एमआयएसमध्ये एकट्याच्या नावावर जास्तीत जास्त 9 लाख ठेवता येतात. 7.4 टक्क्यांनी त्यांचे दरमहा 5,550 रुपये होतात. उरलेले 3 लाख आजारपणासाठी व अडीअडचणीसाठी बँकेत मोकळे राहतात.

आता खर्च पाहू. किराणा, दूध आणि घरकामाचे पैसे पहिल्या पाच दिवसांत जातात, ते 6,000. सोसायटीच्या देखभालीचे 2,000 रुपये दहा तारखेच्या आत भरायचे असतात. वीजबिल आणि औषधे मिळून 3,000 रुपये वीस तारखेच्या आसपास लागतात. महिन्याच्या सुरुवातीच्या 8,000 रुपयांना तिमाही व्याजाचा आधार आहे. म्हणून एमआयएसचे खाते एक-दोन तारखेला उघडण्यात काही हशील नाही; ते सतरा तारखेला उघडावे. मध्ये सुट्टी आली तरी विजेच्या बिलाआधी दोन-तीन दिवस हातात राहतात. विजेच्या बिलाची शेवटची तारीख मीटर वाचनाप्रमाणे मागेपुढे होते, म्हणून ही मोकळीक हवीच. चेकने खाते उघडताना एक गोष्ट हमखास निसटते: चेक वटल्याची तारीख ही खात्याची तारीख धरली जाते, चेक दिल्याची नव्हे.

तिमाहीचे 24,600 रुपये एकदम आले की पहिल्याच महिन्यात हात सैल सुटतो. यावर साधा उपाय म्हणजे खर्चाच्या खात्यात 8,200 ठेवून बाकीचे 16,400 दुसऱ्या बचत खात्यात वळवणे, आणि पुढच्या दोन महिन्यांच्या एक तारखेला 8,200 आपोआप परत यावेत अशी सूचना बँकेला देऊन ठेवणे.

सर्वांत जास्त ओढाताण होते ती सुरुवातीला. ज्येष्ठ नागरिक खाते 20 मे रोजी उघडले, तर जुलैच्या सुरुवातीला पूर्ण तिमाहीचे व्याज मिळत नाही, फक्त 42 दिवसांचे मिळते, सुमारे 11,300 रुपये. जूनच्या सुरुवातीला काहीच आलेले नसते. जूनचे 8,200 आणि जुलै ते सप्टेंबरमधली 13,300 ची तूट मिळून 21,500 रुपये कमी पडतात. पूर्ण हप्ता ऑक्टोबरला सुरू होतो. म्हणून 3 लाखांतले सुमारे 25,000 आधीच बाजूला काढलेले बरे. नाहीतर पहिल्या वर्षातच ठेव मोडण्याची वेळ येते, आणि ज्येष्ठ नागरिक खाते वर्षाच्या आत बंद केले तर दिलेले व्याजही मुद्दलातून वजा होते. एमआयएसमधून तर पहिले वर्षभर पैसे काढताच येत नाहीत.

आरोग्य विम्याचा हप्ता मासिक हिशेबात बसत नाही. एमआयएसच्या 5,550 मधून वीज आणि औषधांचे 3,000 गेले की 2,550 उरतात. त्यातून दरमहा 2,500 ची बारा महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करावी आणि ती विम्याच्या तारखेआधी आठ-दहा दिवस पूर्ण होईल असे बघावे. ही ठेव बँकेतच घ्यावी लागते, कारण पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते.

एमआयएसचे व्याज बचत खात्याला जोडलेले नसेल, तर ते पोस्टात तसेच पडून राहते आणि त्यावर वेगळे व्याज मिळत नाही. पहिल्या महिन्यानंतर पासबुकात नोंद पाहिली की जोडणी झाली की नाही ते कळते.

दोन्ही खात्यांचा दर उघडताना ठरतो आणि पाच वर्षे तोच राहतो. पण किराणा व औषधे दर वर्षी महागतात, त्यामुळे महिन्याकाठी उरणारे 200-250 रुपये लवकरच संपतात. त्यानंतरची भर बँकेतल्या मोकळ्या ठेवीच्या व्याजातून घालावी लागते. शिवाय दोन्ही खाती एकाच महिन्यात उघडली असतील, तर त्यांची मुदतही एकदमच संपते आणि सगळी रक्कम त्या वेळच्या दराने गुंतवावी लागते. 12 लाखांची ज्येष्ठ नागरिक योजनेतली रक्कम दोन खात्यांत, वर्षभराच्या अंतराने विभागली तर हा धोका कमी होतो. तिमाहीच्या तारखा दोन्ही खात्यांना त्याच राहतात.