शाळेचा कारभार (भाग 9) : गुण देणाऱ्यावरही नजर हवी

मागच्या भागात आपण लॉगबुकातल्या शेऱ्यांबद्दल बोललो. ‘पाठ चांगला झाला, फलकलेखन सुधारावे’ असा शेरा वाचून शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही, हे त्यात पाहिलं. म्हणून आता अनेक शाळा मूल्यमापनासाठी रुब्रिक आणू लागल्या आहेत. रुब्रिक म्हणजे प्रत्येक निकषाच्या प्रत्येक पातळीवर वर्गात नेमकं काय दिसतं, ते शब्दांत लिहिलेला तक्ता. एनसीईआरटीने प्राथमिक शिक्षकांसाठी ‘पिंडिक्स’ नावाचे कार्यनिर्देशक तयार केले, त्यातही अशाच चार पातळ्या आहेत. तक्ता मिळवणं सोपं असतं. तो शिक्षकांपुढे मांडण्याची स्टाफ मीटिंग मात्र अवघड जाते, कारण तिथे विचारला जाणारा खरा प्रश्न एकच असतो: हे न्याय्य असेल का?

ती मीटिंग कशी घ्यावी, हे पाहण्यासाठी एक नमुना डोळ्यांपुढे ठेवू. तालुक्याच्या गावातलं अनुदानित हायस्कूल आहे, पाचवी ते दहावीच्या तुकड्या आहेत आणि मुख्याध्यापिका बाई बोलायला उभ्या आहेत. बाईंनी तक्ता आठ दिवस आधीच सगळ्यांना दिला आहे. हे महत्त्वाचं आहे. कागद मीटिंगमध्येच पहिल्यांदा हातात पडला, तर शिक्षक तो वाचत बसतात आणि शंका नंतर स्टाफरूममध्ये निघतात.

बाई प्रस्तावना लांबवत नाहीत. तक्त्यातला एकच निकष फळ्यावर लिहितात, ‘वर्गातले प्रश्न’, आणि त्याखाली चार पातळ्या. पहिल्या पातळीवर शिक्षक प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देतात, किंवा सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. दुसऱ्या पातळीवर उत्तरं मुलंच देतात, पण ती ठरावीक बाकांवरची असतात आणि उत्तर एका शब्दात संपतं. तिसरीत वेगवेगळ्या बाकांवरची मुलं बोलतात आणि उत्तरानंतर ‘कशावरून?’ असं विचारलं जातं. चौथीत चुकीच्या उत्तरातूनही पुढचा प्रश्न निघतो आणि मुलं एकमेकांच्या उत्तरावर बोलतात. ‘उत्तम’, ‘बरे’, ‘असमाधानकारक’ हे शब्द तक्त्यात कुठेच नाहीत. दिसलेलं लिहायचं आणि ते ज्या वर्णनाशी जुळेल ती पातळी द्यायची, एवढंच निरीक्षकाचं काम.

पहिली शंका गणिताचे एक ज्येष्ठ सर मांडतात. “बाई, वर्णन कितीही चांगलं असो, बघणारा माणूसच ना? पर्यवेक्षकांचं आणि माझं पटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.”

ही शंका सर्वांत गंभीर आहे आणि तिला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे उत्तर चालत नाही. माणसाबद्दलचं एकंदर मत त्याच्या प्रत्येक गुणाच्या मोजमापात झिरपतं, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच दाखवून दिलं होतं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या अँड्र्यू हो आणि थॉमस केन यांनी शाळेतल्याच लोकांकडून पाठांचं निरीक्षण करवून घेऊन ते कितपत भरवशाचं ठरतं हे तपासलं. त्यातली एक गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकाने लक्षात ठेवावी: एकाच निरीक्षकाने दुसरा पाठ पाहण्यापेक्षा तो दुसरा पाठ दुसऱ्या निरीक्षकाने पाहिला, तर गुणांचा भरवसा जास्त वाढतो. बाईंनी हाच नियम घेतला आहे. वर्षातून एकदाच, एकाच माणसाने पाहून कुणालाही पातळी मिळणार नाही. पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक वेगवेगळे पाठ पाहतील, आणि सुरुवातीला दोघं काही पाठ एकत्र पाहतील.

एकत्र कशासाठी, हे सांगायला बाई पहिला पाठ स्वतःचाच देतात. पाठ सातवीचा, विषय अपूर्णांकांची बेरीज. दोन्ही निरीक्षक मागच्या बाकावर बसले आणि न बोलता टिपत राहिले. बाईंनी 1/2 + 1/3 फळ्यावर लिहिलं. एका मुलीने उत्तर दिलं, 2/5. वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे. बाईंनी ‘चूक’ म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, “2/5 हे निम्म्याहून जास्त की कमी?” थोड्या वेळाने मागून एक मुलगा म्हणाला, “कमी.” “मग अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?” यावर वर्गात चर्चा सुरू झाली.

पाठ संपल्यावर दोघांनी वेगवेगळे बसून पातळी लिहिली. उपमुख्याध्यापकांनी लिहिली चार, पर्यवेक्षकांनी दोन. मीटिंगमध्ये बाई दोघांचीही टिपणं वाचून दाखवतात. उपमुख्याध्यापकांच्या टिपणात वर दिलेला संवाद जवळजवळ शब्दशः आहे. पर्यवेक्षकांच्या टिपणात बाकांचा नकाशा आहे आणि ज्याला प्रश्न गेला त्या बाकावर खूण आहे. अकरा प्रश्नांपैकी नऊ पुढच्या दोन रांगांत गेले होते. दोघांनीही खरं तेच टिपलं होतं. दोष तक्त्यात होता: प्रश्न कुणाला जातात आणि उत्तराचं पुढे काय होतं, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच निकषात कोंबल्या होत्या. म्हणून निकष दुभागला. बाईंना पहिल्यात दोन मिळाले, दुसऱ्यात चार.

निरीक्षकांचं जमत नसेल तर ते इथे दिसतं. दोघांच्या पातळीत एकाचा फरक पडला, तर टिपणं समोर ठेवून बोलता येतं. दोनचा फरक वारंवार पडू लागला, तर निकष संदिग्ध आहे किंवा कुणीतरी वर्णन न वाचता मनातलं मत लिहितं आहे. टिपणावरून ते लगेच कळतं, कारण मत लिहिणाऱ्याच्या पानावर मुलांची वाक्यं नसतात. बाई सरांना सांगतात, “ज्या पातळीखाली पुरावा लिहिलेला नाही, ती पातळी धरायची नाही. पर्यवेक्षकांनी दिलेली असो की मी.”

दुसरी शंका इतिहासाच्या मॅडमची. “‘अ’ तुकडी ज्यांच्याकडे, त्यांचा निकाल आपोआप चांगला. माझ्याकडे ‘ड’ आहे, आणि दिवाळीनंतर त्यातली पाच-सहा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात.”

समजा वर्षाच्या सुरुवातीच्या चाचणीत ‘अ’ची सरासरी 62 होती आणि शेवटी 68 झाली. ‘ड’ची 31 वरून 44 झाली. नुसता शेवटचा आकडा पाहिला तर मॅडम मागे, वाढ पाहिली तर पुढे. वाढ पाहणं जास्त योग्य, हे कुणालाही पटेल. पण वाढीवरही शिक्षकाचे गुण ठरवू नयेत. दोन्ही चाचण्यांची काठिण्यपातळी सारखी नसते. ऊसतोडीला गेलेल्या मुलांचे गुण मोजले तर सरासरी खाली येते, वगळले तर वर जाते, आणि चाळीस मुलांच्या वर्गात तेवढ्याने चित्र बदलतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014 मध्ये याबाबत जाहीर निवेदन काढलं होतं. मुलांच्या चाचणीगुणांत जो फरक दिसतो, त्यातला फक्त 1 ते 14 टक्के वाटा शिक्षकांमुळे असतो असं बहुतेक अभ्यासांत आढळतं, असं त्यात नमूद आहे. म्हणून बाईंच्या तक्त्यात निकालाला पातळी नाही. वाढीचे आकडे शिक्षकासमोर ठेवायचे, कारणं विचारायची आणि पुढच्या वर्षी काय बदलायचं ते ठरवायचं, इतकाच त्यांचा उपयोग.

मॅडमच्या शंकेची दुसरी बाजू सहसा कुणी बोलत नाही. पाठाचं निरीक्षणही तुकडीपासून सुटलेलं नाही. अभ्यासात आधीच पुढे असलेल्या मुलांच्या शिक्षकांना निरीक्षणातही सरासरीने जास्त गुण मिळतात, असं अमेरिकेतल्या ब्रुकिंग्स संस्थेच्या 2014 च्या अभ्यासात आढळलं. उत्तरं देणारी मुलं समोर असली की पाठ रंगतो, हे आपणही जाणतो. यावर पूर्ण उपाय नाही, पण बाईंनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक शिक्षकाचे पाठ किमान दोन वेगळ्या तुकड्यांत पाहिले जातील, आणि पुढच्या वर्षी तुकड्यांचं वाटप फिरतं राहील. बीएलओच्या कामावरून परतलेल्या शिक्षकाचा पाठ पहिल्या आठवड्यात पाहायचा नाही, हेही त्यांनी लिहून दिलं.

तिसरी शंका मागच्या खुर्चीवरून येते, दबक्या आवाजात. “हे सीआरमध्ये जाणार का?”

इथे बाईंनी कायदा स्पष्ट सांगायला हवा, आणि त्या सांगतात. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या 1981 च्या नियमावलीत नियम 15 गोपनीय अहवालाचा आहे. अहवाल दरवर्षी लिहायचा, प्रतिकूल शेरा लेखी कळवायचा, आणि त्यावर शिक्षकाला आपलं म्हणणं मांडता येतं. अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरा कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त खटल्यात शासकीय सेवकांबाबत आणखी एक पाऊल टाकलं: फक्त प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक नोंद कळवली पाहिजे. त्या खटल्यातल्या अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा होता, पण बढतीसाठी ‘खूप चांगला’ लागत होता. न कळवलेल्या ‘चांगल्या’ शेऱ्यानेच त्यांची बढती अडली होती.

हेच तत्त्व बाईंनी शाळेत आणलं. पहिलं वर्ष चाचपणीचं, त्यातली एकही पातळी गोपनीय अहवालात जाणार नाही. प्रत्येक निरीक्षणाचं टिपण तीन दिवसांत शिक्षकाच्या हाती पडेल, पातळी चार असली तरी. शिक्षक त्याखाली आपलं म्हणणं लिहील आणि ते टिपणाला जोडलेलंच राहील. पातळी पटली नाही, तर दुसरा निरीक्षक त्याच वर्गात पुन्हा पाठ पाहील.

हे सगळं करायला तासिका लागतात. दोन निरीक्षक, दोन तुकड्या, पाठानंतरचं बोलणं असं धरलं तर वीस-पंचवीस शिक्षकांच्या शाळेत पर्यवेक्षकांचे कितीतरी तास यात जातात. म्हणून बाईंनी तक्त्यातले निकष कमी ठेवले. वीस निकष घाईने भरण्यापेक्षा सहा निकष पुराव्यासह भरलेले बरे. ज्या शाळेला एवढाही वेळ काढता येत नाही, तिने रुब्रिक फक्त शिक्षकाच्या स्वयंमूल्यमापनासाठी वापरावं आणि त्यावर गुण देऊ नयेत.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: या जूनमध्ये तक्ता आणणार असाल, तर पहिला पाठ स्वतःचा द्या, दोन निरीक्षक मागे बसवा आणि त्यांची टिपणं सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवा. ते करायची तयारी नसेल, तर तो तक्ता शिक्षकांवर लावू नका.

(पुढील भागात : निरीक्षणानंतरची पंधरा मिनिटं, शिक्षकाशी काय आणि कसं बोलावं)