डब्यातला पूल : यूएसबी-साटा ब्रिज चिप आणि यूएएसपी

जुन्या लॅपटॉपमधून निघालेली एसएसडी किंवा हार्ड डिस्क एन्क्लोजरमध्ये बसवली की तिची बाह्य ड्राइव्ह होते. एन्क्लोजरच्या खोक्यावर ‘यूएसबी ३.०’ आणि ‘५ जीबीपीएस’ ठळक छापलेलं असतं. आतली जी चिप सगळं काम करते, तिचं नाव मात्र बहुतेकदा कुठेच नसतं. डबा उघडला तर बोटाच्या नखाएवढी एक काळी चौकोनी चिप दिसते. एका बाजूला तिला साटाचं कनेक्टर जोडलेलं असतं, दुसऱ्या बाजूला यूएसबीचं. हीच ब्रिज चिप. एकच एसएसडी एका डब्यात झपाट्याने चालते आणि दुसऱ्यात अडखळते किंवा मध्येच गायब होते. त्याचं कारण बहुतेक वेळा या चिपमध्ये, तिच्या फर्मवेअरमध्ये किंवा तिला मिळणाऱ्या विजेत सापडतं.

ब्रिजचं काम नुसतं तारा जोडण्याचं नाही. संगणक यूएसबीवरून स्टोरेजशी बोलतो तो एससीएसआय या जुन्या संचातल्या आज्ञा वापरून, आणि साटा ड्राइव्हला कळतात एटीएच्या आज्ञा. ‘अमुक जागेपासून इतकी माहिती वाच’ ही आज्ञा एससीएसआयमध्ये आली की ब्रिज तिची एटीएची आज्ञा बनवतो, ड्राइव्हला देतो, माहिती घेतो आणि उत्तर पुन्हा एससीएसआयच्या साच्यात घालून परत पाठवतो. प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन याच वाटेने जातं.

या वाटेवरच्या देवाणघेवाणीची जुनी रीत १९९९ साली ठरली. तिचं नाव बल्क ओन्ली ट्रान्सपोर्ट, थोडक्यात बीओटी. संगणक ३१ बाइटांचं आज्ञापत्र पाठवतो, मग माहितीची देवाणघेवाण होते, शेवटी ड्राइव्हकडून १३ बाइटांची पोच येते. पोच हाती पडल्याशिवाय पुढची आज्ञा पाठवता येत नाही. पेनड्राइव्हसाठी ही रीत सोपी आणि पुरेशी होती. पण साटा ड्राइव्ह एका वेळी ३२ आज्ञा रांगेत घेऊन त्यांचा क्रम स्वतः लावू शकते, आणि बीओटीमध्ये तिची ही क्षमता वापरलीच जात नाही. एका टेबलाची ऑर्डर किचनमध्ये देऊन तो पदार्थ येईपर्यंत तिथेच उभा राहणारा, मग दुसऱ्या टेबलाकडे वळणारा उडुपी हॉटेलातला वेटर असावा, तसा हा प्रकार आहे.

यूएसबी ३.० आल्यावर, २००९ साली, यूएएसपी ही नवी रीत आली. यात आज्ञा, पोच, येणारी माहिती आणि जाणारी माहिती यांच्यासाठी चार स्वतंत्र मार्ग असतात. प्रत्येक आज्ञेला क्रमांक मिळतो, त्यामुळे अनेक आज्ञा एकाच वेळी वाटेवर राहू शकतात आणि जिचं काम आधी संपेल तिची पोच आधी येते. विंडोजमध्ये तिचा आधार २०१२ साली विंडोज ८ पासून मिळाला. ती वापरायची तर ब्रिज चिप, संगणकाचा यूएसबी कंट्रोलर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या तिघांनाही ती यावी लागते. एकाला जरी येत नसली तरी जोडणी मुकाट्याने बीओटीवर उतरते.

वेगात फरक किती पडतो हे हिशोबाने पाहू. समजा, ४ किलोबाइटचा एक तुकडा वाचायला आज्ञेपासून पोचेपर्यंत ०.२ मिलिसेकंद लागतात. बीओटीमध्ये एकामागून एक असे सेकंदाला ५,००० तुकडे होतील, म्हणजे सेकंदाला जेमतेम २० मेगाबाइट. एसएसडी कितीही चांगली असली तरी आकडा इथेच अडतो, कारण वेळ येण्याजाण्यात जातो. यूएएसपीमध्ये आठ आज्ञा एकदम वाटेवर असतील, तर हा आकडा अनेक पट वाढायला वाव मिळतो. मोठी चित्रफीत कॉपी करताना मात्र एकेका आज्ञेत भरपूर माहिती जाते, येण्याजाण्याचा वाटा कमी असतो आणि दोन्हींतला फरकही कमी होतो. फिरत्या हार्ड डिस्कला तर तो जवळजवळ जाणवत नाही. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची असते, त्यापुढे ०.१ मिलिसेकंदाची बचत किरकोळ आहे. म्हणून केवळ बॅकअपसाठी हार्ड डिस्क वापरणाऱ्याने यूएएसपीसाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. एसएसडीवरून ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल, तर ती हवीच.

पण वेग वाढतो तशी ब्रिजवरची जबाबदारीही वाढते. बीओटीमध्ये त्याला एकच आज्ञा लक्षात ठेवायची असते. यूएएसपीमध्ये कोणती आज्ञा कुठवर आली, कोणती माहिती कोणत्या क्रमांकाची, एक आज्ञा रद्द झाली तर बाकीच्यांचं काय, हे सगळं सांभाळावं लागतं. इथेच कच्चं फर्मवेअर उघडं पडतं. लिनक्सचा इतिहास याला साक्षी आहे. मॅथ्यू विलकॉक्स आणि सारा शार्प यांनी लिहिलेला `uas` हा ड्रायव्हर आधीच कर्नलमध्ये आला होता, पण तो भरवशाने चालेना. हान्स द खूदे यांनी त्याची डागडुजी केल्यावर २०१४ च्या ३.१५ या आवृत्तीपासून तो खऱ्या अर्थाने वापरात आला.

त्या ड्रायव्हरमधली एक तरतूद जवळून पाहण्यासारखी आहे. एएसमीडिया कंपनीच्या एएसएम१०५१ या चिपमध्ये यूएएसपी नीट चालत नव्हती, नंतरच्या एएसएम१०५३ मध्ये चालत होती. पण दोन्ही चिपा संगणकाला आपली ओळख `174c:55aa` अशी एकच सांगत. मग ओळखायचं कसं? कर्नल चिपला विचारतं, तू किती समांतर प्रवाह सांभाळतेस? उत्तर ३२ आलं तर ती एएसएम१०५१ असू शकते, म्हणून यूएएसपी बंद केली जाते. वेगळं उत्तर आलं तर यूएएसपी चालू राहते, पण एका आज्ञेत २४० सेक्टर, म्हणजे १२० किलोबाइटपेक्षा जास्त माहिती मागितली जात नाही, कारण मोठ्या मागणीला तीही अडखळते. ज्या चिपच्या खोक्यावर यूएएसपीचा शिक्का आहे, तिच्यासाठी कर्नलला इतकी सावधगिरी बाळगावी लागते.

हा त्रास अनेकांना नव्याने भेटला तो २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ वर. या पायला पहिल्यांदाच यूएसबी ३.० चे पोर्ट मिळाले, आणि मेमरी कार्डाऐवजी एसएसडीवरून तो चालवायची प्रथा वाढली. लक्षणं अशी : पाय सुरू होतो, थोडा वेळ ठीक चालतो, मग मोठं काम पडताच अर्धा-एक मिनिट गोठतो. सुटला तर पुढे चालतो, नाही तर फाइल सिस्टिम ‘फक्त वाचन’ स्थितीत जाते. लिनक्स साधारणपणे एका आज्ञेची ३० सेकंद वाट पाहतं, मग ती रद्द करायचा प्रयत्न करतं, तेही जमलं नाही तर ड्राइव्ह रीसेट करतं. गोठण्याचा काळ तिथून येतो. `dmesg` मध्ये त्याची खूण `uas_eh_abort_handler` आणि `reset SuperSpeed` अशा ओळींत दिसते.

तपासाची पहिली पायरी म्हणजे कोणती रीत चालू आहे ते पाहणं. `lsusb -t` ही आज्ञा दिली की अशी ओळ येते :

```
|__ Port 1: Dev 2, If 0, Class=Mass Storage, Driver=uas, 5000M
```

इथे `uas` असेल तर यूएएसपी चालू आहे, `usb-storage` असेल तर बीओटी. शेवटी `480M` दिसलं तर ड्राइव्ह यूएसबी २ च्या वेगावर अडकली आहे, म्हणजे केबल किंवा पोर्ट बदलून पाहायचा. विंडोजमध्ये हेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळतं : `USB Attached SCSI (UAS) Mass Storage Device` असं नाव दिसलं की यूएएसपी.

दुसरी पायरी, त्या एका ब्रिजपुरती यूएएसपी बंद करून पाहणं. साध्या `lsusb` ने चिपची ओळख मिळते. ती `cmdline.txt` या फाइलमध्ये, आधीच्याच ओळीत, जागा सोडून लिहायची :

```
usb-storage.quirks=174c:55aa:u
```

आकडे अर्थातच आपल्या चिपचे घालायचे. पुन्हा सुरू केल्यावर गोठणं थांबलं, तर दोष ब्रिजच्या यूएएसपीत असण्याची दाट शक्यता आहे. वेग थोडा जाईल, पण माहिती सुरक्षित राहील. गोठणं थांबलं नाही आणि `dmesg` मध्ये `USB disconnect` दिसत असेल, तर आधी विजेचा संशय घ्यायचा. पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. एसएसडी लिहिताना त्यातला मोठा वाटा ओढते, व्होल्टेज खाली गेलं की ब्रिज बंद पडून पुन्हा सुरू होतो. स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब लावून हे पडताळता येतं. या दोन कारणांची लक्षणं वरवर सारखी दिसतात, म्हणून घाईने डबा फेकून देऊ नये.

विश्वासार्हतेची आणखी एक बाजू रोजच्या वापरात दिसत नाही. ब्रिजला ज्या आज्ञेचं भाषांतर येत नाही, ती ड्राइव्हपर्यंत पोचतच नाही. पुसलेल्या जागा एसएसडीला कळवणारी ट्रिम ही त्यातली महत्त्वाची. ती पोचली नाही तर एसएसडीला रिकाम्या जागाही भरलेल्या वाटतात, मग लेखन हळूहळू मंदावतं आणि झीज वाढते. `sudo fstrim -v /` दिल्यावर ‘discard operation is not supported’ असं उत्तर आलं, तर ट्रिम अडली आहे. काही जण सेटिंग बदलून ती जबरदस्तीने चालू करतात, पण ब्रिजला ती नीट येत नसेल तर माहितीच बिघडू शकते. ड्राइव्हची तब्येत सांगणारे स्मार्टचे आकडेही याच पुलावरून येतात. `sudo smartctl -d sat -a /dev/sda` ला उत्तर मिळत नसेल, तर डिस्क खराब होत चालल्याची आगाऊ सूचनाही मिळणार नाही.

काही ब्रिज तर ड्राइव्हचं मोजमापच बदलून सांगतात. २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्क विंडोज एक्सपीसारख्या जुन्या सिस्टिमना चालाव्यात म्हणून ५१२ बाइटांचे सेक्टर ४,०९६ बाइटांचे म्हणून दाखवण्याची युक्ती अनेक डब्यांत वापरली गेली. असा डबा बंद पडला आणि आतली डिस्क थेट संगणकाला जोडली, तर विभागांचा तक्ता चुकीच्या जागी वाचला जातो आणि डिस्क कोरी दिसते. माहिती जागेवर असते. अशा वेळी ‘फॉरमॅट करायचं का?’ या प्रश्नाला होकार दिला की खरं नुकसान होतं. आधी तशाच ब्रिजचा दुसरा डबा मिळवून डिस्क त्यात लावून पाहावी.

एन्क्लोजर घेताना म्हणूनच खोक्यावरच्या जीबीपीएसच्या आकड्यापेक्षा चिपचं नाव विचारावं, आणि ते सांगू शकणाऱ्या, माल परत घेणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्यावं. घरी आणल्यावर त्यात महत्त्वाचं काही ठेवण्याआधी ड्राइव्ह जवळजवळ भरेल इतकी माहिती लिहून, ती पुन्हा वाचून पडताळावी, आणि त्या वेळी `dmesg` उघडा ठेवावा. रीसेटची एकही ओळ न येता ही परीक्षा पार पडली, `lsusb -t` मध्ये `uas` दिसलं, ट्रिम आणि स्मार्ट पोचले, तर तो डबा सिस्टिम चालवण्याच्या कामाचा. यातलं काही अडलं तर तो बीओटीवर उतरवून हार्ड डिस्कच्या बॅकअपसाठी ठेवावा आणि पडताळणी पुन्हा करावी. त्यातही तो नापास झाला, तर त्यात काहीच ठेवू नये.