सेल नेमका केव्हा संपतो?

एका चंचुपात्रात झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदाच्या निळ्या द्रावणात तांब्याची पट्टी आणि दोन्ही पात्रांना जोडणारा क्षारसेतू. १८३६ साली जॉन डॅनियल यांनी बनवलेल्या सेलचे हे प्रयोगशाळेतले रूप. दोन्ही द्रावणांची संहती १ मोलर आणि तापमान २५ अंश असेल, तर व्होल्टमीटर साधारण १.१० व्होल्ट दाखवतो. हा झाला प्रमाण विभव.

पण सेल वापरायला घेतला की जस्त विरघळते, तांबे पट्टीवर बसते आणि निळा रंग फिकट होत जातो. मग १.१० हा आकडा लागू राहत नाही. बदललेल्या संहतीला विभव किती, याचे सूत्र वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये दिले. २५ अंशांना ते असे:

E = E° − (0.0592/n) log Q

इथे n म्हणजे देवाणघेवाण झालेले इलेक्ट्रॉन; आपल्या सेलमध्ये २. Q म्हणजे जस्त आयनांच्या संहतीला तांबे आयनांच्या संहतीने भागून येणारे गुणोत्तर. पट्ट्या घन असल्याने त्या या हिशेबात येत नाहीत.

समजा, तांबे आयन ०.०१ मोलरवर उतरले. द्रावणे समान आकारमानाची असतील तर जस्त आयन १.९९ झाले. Q आला १९९, त्याचा लॉग २.३०. त्याला ०.०२९६ ने गुणून १.१० मधून वजा केले की उरतात १.०३ व्होल्ट. नव्व्याण्णव टक्के तांबे आयन संपले, तरी विभव जेमतेम ०.०७ ने घसरला! लॉगमुळे हे होते: Q दहापट झाला की विभव फक्त ०.०३ व्होल्टने उतरतो.

विद्यार्थी बहुधा Q उलटा मांडतात. ही चूक ओळखणे सोपे आहे. वापरलेल्या सेलचा विभव १.१० पेक्षा जास्त आला, तर अंश आणि छेद यांची अदलाबदल झाली आहे.

आता सेल पुरता संपू द्या. विभव शून्य होतो, म्हणजे अभिक्रिया समतोलाला पोचते आणि तेव्हाचा Q हाच समतोल स्थिरांक K. सूत्रात E शून्य घातला की log K = 1.10/0.0296, म्हणजे सुमारे ३७. म्हणून K हा जवळपास १ वर ३७ शून्ये एवढा. लिटरभर द्रावणात तांब्याचा एक आयनही उरू नये, असे हे गणित सांगते. इतके विरळ द्रावण कोणी थेट मोजू शकत नाही. व्होल्टमीटर मात्र ते उत्तर देतो.

पण अचूकतेला किंमत आहे. विभव मोजताना ०.०१ व्होल्टची चूक झाली, तर K दुपटीहून अधिक चुकतो. म्हणून विभवाचा तिसरा दशांश लिहिल्याशिवाय K चे आकडे फुगवून लिहू नयेत.